चाळीस लिटर रस्सा आणि एक प्रमाणपत्र

‘फोस्टॅक पूर्ण झालं. प्रमाणपत्र हाती आलं. मार्गदर्शकांचे आणि घरच्यांचे आभार.’ केटरिंगवाल्यांच्या, खानावळवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा निरोप येतो. सोबत डोक्याला जाळीची टोपी घातलेला फोटो असतो आणि खाली अभिनंदनाची रांग लागते. काय शिकलो, त्याचा कामात काय उपयोग होणार, हेही काही जण दोन ओळींत लिहितात: स्वच्छतेचं महत्त्व कळलं, ग्राहकांना सुरक्षित अन्न देऊ. हे खरंच असतं, पण एवढंच लिहिलं की त्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग बाहेर राहतो. स्वयंपाकघर झाडून-पुसून लख्ख ठेवणाऱ्या माणसाच्या हातूनही विषबाधा होऊ शकते. कशी, आणि ती टाळायला नेमकं काय करायचं, हे त्या वर्गात शिकवतात.

फोस्टॅक म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचा कार्यक्रम. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा, हा कार्यक्रम २०१७ पासूनचा. राज्याचा किंवा केंद्राचा परवाना असलेल्या अन्नव्यवसायात दर पंचवीस कामगारांमागे निदान एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी त्यामागची अपेक्षा आहे. पायाभूत वर्ग चार तासांचा, त्यापुढचा प्रगत वर्ग आठ तासांचा. शेवटी पर्यायी उत्तरांची परीक्षा. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, मग पुन्हा वर्ग करायचा. एका दिवसात उरकणारं हे शिक्षण कोणाला किरकोळ वाटेल. पण त्यातला तापमान आणि वेळ यांचा धडा नीट घेतला तर वीस-वीस वर्षं चाललेली कामाची पद्धत बदलावी लागते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातलं एक घरगुती केटरिंग. सासऱ्यांनी उभं केलेलं, आता सून सांभाळते. तिने प्रगत वर्ग केला आहे. आचारीमामा सासऱ्यांच्या काळापासूनचे, हाताला चव असलेले. उद्या दुपारी एका कार्यालयात मटणाचं जेवण आहे आणि तिथली भटारखान्याची किल्ली सकाळशिवाय मिळत नाही. म्हणून रस्सा आदल्या रात्रीच करायचा. दहाच्या सुमाराला चाळीस लिटर रस्सा तयार होतो. जर्मनचं खोल पातेलं, तळापासून साधारण पस्तीस सेंटिमीटर भरलेलं. आजवरची रीत अशी की वर झाकण ठेवायचं, फडकं बांधायचं आणि झोपायला जायचं. सकाळी आठला पातेलं टेम्पोत.

त्या झाकणाखाली रात्रभर काय चालतं? पातेलं मोठं, रस्सा घट्ट, झाकण बंद. उष्णता बाहेर पडायला वाट फक्त कडेची आणि वरची. खोली अठ्ठावीस अंशांवर असेल, तर उकळी उतरलेला एवढा रस्सा साठ अंशांवर यायलाच पाच तास घेतो. म्हणजे रात्रीचे तीन. पुढच्या पाच तासांत तो साठावरून जेमतेम त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत उतरतो. मध्यभागी तर त्याहूनही गरम राहतो. हा हिशेब ढोबळ आहे, वारा असेल तर थोडा बदलेल, पण चित्र हेच. सकाळी मामा पातेल्याला हात लावून समाधानाने म्हणतात, “अजून गरम आहे बघ, खराब कसा होईल?”

नेमकं तिथेच बिनसतं. सात-आठ मिनिटं खदखदा उकळल्यावर रश्शातले बहुतेक जंतू मरतात हे खरं. पण काही जंतू बीजाणू करून बसतात, आणि बीजाणूंना उकळी पुरत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा त्यांतला एक. त्याला हवा नको असते, आणि उकळीने रश्शातली हवा आधीच निघून गेलेली असते. त्याला मांसातली प्रथिनं हवी असतात, ती भरपूर असतात. त्याच्या वाढीला सर्वांत अनुकूल तापमान त्रेचाळीस ते सत्तेचाळीस अंशांच्या आसपासचं, म्हणजे हाताला ‘अजून गरम’ लागणारं. उकळीने बीजाणूंना उलट जाग येते आणि शेजारचे स्पर्धक जंतू मेलेले असल्यामुळे त्यांना मैदान मोकळं मिळतं.

वाढीचा वेग थक्क करणारा आहे. परिस्थिती उत्तम असेल तर हा जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. सावधपणे पंधरा मिनिटं धरली, तरी पाच तासांत वीस वेळा दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार असं वीस वेळा केलं की दहा लाखांच्या वर आकडा जातो. प्रत्यक्षात बीजाणूंना उमलायला थोडा वेळ लागतो, आणि साठ अंशांपासून लगेच वाढ सुरू होत नाही, म्हणून आकडा त्याहून कमी भरेल. तरीही एका ग्रॅममध्ये काही लाख जंतू असले की जेवणाऱ्याच्या पोटात जाऊन ते विष तयार करतात आणि आठ ते सोळा तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. दुपारी जेवलेली माणसं रात्री उशिरा किंवा पहाटे आजारी पडतात, आणि तोवर रश्शाला वास नसतो, चव बिघडलेली नसते, रंग तोच असतो. चाखून काही कळत नाही. ‘वास घेऊन बघ’ हा घराघरांतला उपाय इथे निरुपयोगी ठरतो.

सुनेने वर्गात पाठ केलेला आकडा इथे कामी येतो. शिजवलेलं अन्न पाच ते साठ अंशांच्या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितकं बरं. ते थंड करायचं असेल तर साठावरून एकवीसपर्यंत दोन तासांत उतरलं पाहिजे, आणि एकवीसवरून पाचपर्यंत त्यापुढच्या दोन तासांत. पहिला टप्पा अधिक निकडीचा, कारण जंतूंची सर्वांत वेगवान वाढ त्यातच होते. पातेलं झाकून ठेवण्याच्या रीतीत हाच टप्पा अख्ख्या रात्रीतही पुरा होत नाही.

मग करायचं काय? पातेलं उचलून फ्रिजमध्ये ठेवणं हा पहिला विचार, आणि तो चुकीचा. घरगुती किंवा छोट्या दुकानातला फ्रिज थंड वस्तू थंड ठेवण्यासाठी बांधलेला असतो, चाळीस लिटर गरम रस्सा गार करण्यासाठी नव्हे. रस्सा तर गार होत नाहीच, उलट आतलं दही, दूध, कापलेली भाजी सगळं तापतं. खरा उपाय खोली कमी करण्याचा आहे. घट्ट पदार्थात उष्णता आतून बाहेर सरकायला लागणारा वेळ खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे खोली निम्मी केली की वेळ साधारण चौथाईवर येतो. म्हणून हॉटेलांत वापरतात तसे मोठे, उथळ स्टीलचे ट्रे घ्यायचे. अर्धा मीटर लांब, एक वीत-दीड वीत रुंद अशा एका ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत आठ लिटरच्या आसपास रस्सा मावतो. पाच ट्रेमध्ये सगळा रस्सा. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, अधूनमधून डावाने ढवळायचं, आणि एकवीसच्या खाली आला की मग फ्रिजमध्ये, एकावर एक न रचता.

आणखी एक युक्ती आहे, आणि मामांना तीच पटली. रस्सा पाणी कमी ठेवून घट्ट करायचा, तीस लिटर. शिजून ऐंशी अंशांवर आला की त्यात दहा किलो बर्फ घालायचा. बर्फ वितळताना एवढी उष्णता शोषतो की मिश्रण अडतीस अंशांच्या आसपास येतं, तेही काही मिनिटांत, आणि पाण्याचं मापही बरोबर जमतं. पाच तासांचं काम जवळपास क्षणात. पण यात एक अट आहे, तीत सूट नाही. तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा हवा. मासे, दुधाचे कॅन थंड ठेवायला मिळणारा स्वस्त लादीचा बर्फ खाण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणूनच महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आला. निळी झाक दिसली की तो बर्फ पातेल्याजवळही आणायचा नाही. ट्रेभोवती बाहेरून ठेवायलाही शक्यतो नको, कारण कडेचं पाणी ढवळताना आत उडतं.

“एवढं सगळं आम्ही कधी केलं नाही, कोणी मेलं का?” हा मामांचा प्रश्न ऐकल्यावर सुनेला राग येऊ शकतो. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. लग्नातली शंभर माणसं रात्री आपापल्या घरी आजारी पडतात. कोणी म्हणतं ऊन लागलं, कोणी म्हणतं पाणी बदललं. परफ्रिंजन्सचा त्रास बहुधा एका दिवसात ओसरतो, म्हणून कोणी केटररला फोन करत नाही. तक्रार आली नाही याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही.

सकाळी हा थंड रस्सा पुन्हा तापवताना नियम वेगळा. मध्यभागी पंचाहत्तर अंश, निदान दोन मिनिटं. कडेला बुडबुडे आले म्हणजे मध्य तापला असं नव्हे, विशेषतः ढवळलं नसेल तर. तापवल्यावर वाढपाच्या टेबलावर तो साठाच्या वर राहिला पाहिजे, सुरक्षित अंतर ठेवायचं तर पासष्टच्या. चाफिंग डिशखालची मेणाची डबी अन्न गरम ठेवण्यासाठी असते, थंड अन्न गरम करण्यासाठी नव्हे. थंड रस्सा त्यात ओतून ‘होईल गरम’ म्हणणं ही कार्यालयांत सर्रास दिसणारी चूक आहे.

एवढ्यावरून कोणाला वाटेल की शेवटी नीट उकळलं की सगळं माफ. परफ्रिंजन्सच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे, कारण तो जिवंत पोटात जावा लागतो. पण सगळे जंतू असे नाहीत, आणि फोस्टॅकच्या वर्गातली सर्वांत धक्का देणारी गोष्ट हीच. बॅसिलस सेरियस हा तांदळात सापडणारा जंतू. त्याचे बीजाणू भात शिजवला तरी टिकतात. भात रात्री ओट्यावर राहिला की ते उमलतात, वाढतात आणि अन्नातच एक विष तयार करतात. उलटीचं ते विष उकळीने नष्ट होत नाही. प्रेशर कुकरच्या तापमानालाही ते दाद देत नाही. म्हणजे रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही कडक फोडणी दिली, तरी जंतू मरतील, विष राहील. फोडणीचा भात ही आपल्या घरांतली न्याहारी आहे, ती सोडायचं कारण नाही. भात रात्रीच पसरून गार करून तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, इतकंच.

विष आणि जंतू यांतला हा फरक जपानला २००० साली फार मोठ्या किमतीला कळला. होक्काइडोतल्या स्नो ब्रँड कंपनीच्या एका कारखान्यात वीज गेली आणि काही तास दूध कोमट राहिलं. त्यात स्टॅफिलोकोकस वाढला आणि त्याने विष तयार केलं. त्या दुधाची पावडर झाली. प्रक्रियेत जंतू मारले गेले, विष तसंच राहिलं. ती पावडर पुढे ओसाकात कमी चरबीचं दूध बनवायला वापरली गेली आणि तेरा हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. यंत्रं आधुनिक होती, दूध तापवलेलं होतं. चूक झाली ती वीज गेल्यानंतरच्या त्या तासांत, आणि ते दूध फेकून न देण्याच्या निर्णयात. भारनियमन ओळखीचं असलेल्या आपल्याकडच्या प्रत्येक दूध-मिठाईच्या धंद्याने लक्षात ठेवावी अशी ही घटना. वीज गेल्याची वेळ आणि आल्याची वेळ लिहून ठेवली नाही, तर काय फेकायचं हे ठरवायला आधारच उरत नाही.

या सगळ्याचा कणा एक छोटं यंत्र आहे: टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर. ते काही फार महाग नाही. अडचण दुसरीच असते. पहिले आठ दिवस ते उत्साहाने वापरलं जातं, मग मसाल्याच्या डब्यांमागे जातं. वापरलं तरी चुकीचं. सळई कडेला टेकवली की भांड्याचं तापमान कळतं, रश्शाचं नव्हे. ती सर्वांत जाड भागाच्या मध्यात हवी, हाडापासून लांब. एका पदार्थातून दुसऱ्यात घालण्याआधी धुऊन निर्जंतुक करायला हवी, नाहीतर कच्च्या चिकनमधले जंतू थेट तयार भाजीत जातात.

थर्मामीटर बरोबर सांगतो की नाही, हे घरच्या घरी तपासता येतं. ग्लासभर बर्फाचा चुरा घ्यायचा, भिजेल इतकंच पाणी घालायचं, दोन-तीन मिनिटं ढवळून सळई मध्यभागी धरायची. शून्य दाखवलं पाहिजे, एखाद्या अंशाचा फरक चालेल. उकळत्या पाण्याने तपासणारे एक गोष्ट विसरतात. पाणी शंभर अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीवर, मुंबईत किंवा रत्नागिरीत. पुणे साडेपाचशे मीटरहून उंच आहे, तिथे पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला त्याहून दोन-अडीच अंश आधीच. पुण्यात थर्मामीटरने अठ्ठ्याण्णव दाखवलं म्हणून तो बिघडला असं समजून चांगलं यंत्र फेकणारेही असतात. बर्फाची परीक्षा कुठेही सारखीच लागू पडते, म्हणून तीच धरावी.

तळणाच्या तेलाचा नियमही याच वर्गात येतो, आणि वडापाव-भजीवाल्यांशी त्याचा रोजचा संबंध आहे. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं साठतात. त्यांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तेल काळं पडणं, लवकर धूर येणं, फेस न बसणं, पळीवर दाट होऊन चिकटणं या खुणा ढोबळ आहेत. नेमका आकडा छोटं मीटर बुडवून कळतो. जुन्या तेलात नवं ओतत राहणं ही पळवाट आहे: रंग उजळतो, पण आधीच्या संयुगांचा साठा तसाच राहतो. दिवसाला पन्नास लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, जिथून ते जैवडिझेलकडे वळतं.

वर्गातली शिकवण स्वयंपाकघरात रुजली की नाही, हे प्रमाणपत्राच्या चौकटीवरून कळत नाही, तापमानाच्या वहीवरून कळतं. खोटी वही ओळखायला फार वेळ लागत नाही. महिनाभर सगळे आकडे चार, चार, चार. एकाच पेनाने, एकाच दमात, एकाच कलाने लिहिलेलं अक्षर. स्वयंपाकघर बंद असलेल्या सणाच्या दिवशीही नोंद. खऱ्या वहीत आकडे वरखाली होतात, कधीतरी फ्रिज नऊ दाखवतो, आणि त्यापुढे लिहिलेलं असतं: रबर फाटलं, पनीर टाकून दिलं, दुपारी दुरुस्त केलं. अडचण आणि तिच्यावर केलेली कृती ज्या वहीत सापडते, तिथे काम होतं आहे असं समजावं. सुनेने मामांना वही भरायला लावलीच नाही. तिने थर्मामीटर त्यांच्याच खिशात दिला आणि आकडा मोठ्याने सांगायची सवय लावली. लिहायचं काम वाढप्यांमधल्या एका मुलाकडे. ज्याच्या हातात डाव आहे त्याच्याच हातात मोजमाप असावं, हा तिचा निर्णय योग्यच आहे.

आणखी एक मर्यादा आहे, ती कागदावर दिसत नाही. प्रमाणपत्र माणसाच्या नावावर असतं. लग्नसराईत एकाच दिवशी तीन कार्यालयांची कामं असली, तर सून एकाच ठिकाणी असू शकते. उरलेल्या दोन ठिकाणी पातेली उतरवणारे रोजंदारीवरचे असतात, आणि त्यांतले निम्मे पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे. म्हणून तिने पुढच्या वर्गासाठी दोघांची नावं दिली आहेत: मामांचं आणि टेम्पोवाल्याचं. टेम्पोवाल्याचं नाव ऐकून ग्रुपवर काहींनी भुवया उंचावल्या. पण कार्यालयाचं फाटक उघडेपर्यंत रस्ता जाम असला तर ट्रे उन्हात किती वेळ थांबले, झाकणं कधी काढली, बर्फाचं पाणी कुठे सांडलं, हे फक्त त्यालाच माहीत असतं.